छातीत झालेलं पाणी ट्रान्स्युडेट की एक्स्युडेट? प्रोटीन आणि एलडीएचवरून कसं ठरवायचं

फुफ्फुसाभोवतीच्या आवरणात पाणी साठलं की डॉक्टर सुईने थोडं पाणी काढून तपासायला पाठवतात. पहिला प्रश्न एवढाच असतो की पाणी आलं कशामुळे. माठ पाझरतो तेव्हा बाहेर निर्मळ पाणीच येतं, माठाला तडा गेला तर आतलं सगळंच वाहतं. हृदय कमजोर झालं, लिव्हर सुकलं किंवा रक्तातलं अल्ब्युमिन खूप घटलं, तर आवरण धड असूनही पाणी पाझरतं. त्याला ट्रान्स्युडेट म्हणतात आणि त्यात प्रोटीन कमी असतं. टीबी, न्यूमोनिया, कॅन्सर यांत आवरणच सुजतं, त्यातून प्रोटीन निसटतं, पेशी मरून त्यांच्या आतलं एलडीएच नावाचं एन्झाइम पाण्यात उतरतं. ते एक्स्युडेट.

नुसत्या पाण्यातल्या प्रोटीनवरून निकाल देता येत नाही, म्हणून रक्ताशी तुलना करायची. रक्त गोठल्यावर वर उरणारा पिवळसर द्रव म्हणजे सीरम. अंगात प्रोटीनच कमी असलेल्या रुग्णाचं सीरम प्रोटीन डेसिलिटरला ५ ग्रॅम आणि पाण्याचं २.८ आलं, तर २.८ हा आकडा कमी वाटतो. पण भागाकार ०.५६ येतो, म्हणजे पाणी एक्स्युडेटच्या बाजूला जातं. रिचर्ड लाइट आणि सहकाऱ्यांनी १९७२ साली मांडलेले निकष आजही हाच हिशेब वापरतात.

नमुने कसे घ्यायचे

पाणी काढाल त्याच वेळी रक्तही घ्या. आठवड्यापूर्वीच्या रिपोर्टातलं सीरम प्रोटीन भागाकारात घालू नका. बायोकेमिस्ट्रीसाठी साध्या ट्यूबमध्ये ५ मिली पाणी पुरतं, पेशी मोजायला जांभळ्या झाकणाची ट्यूब वेगळी भरा. पाण्याची आणि सीरमची, दोन्ही साध्या ट्यूब पिवळसर दिसतात, म्हणून रुग्णापाशीच एकीवर ‘छातीचं पाणी’ आणि दुसरीवर ‘सीरम’ असं लिहा. अदलाबदल झाली तर भागाकार उलटा होतो.

खानापूर, हुक्केरी, अथणीकडून नमुने बेळगावला येतात तेव्हा घोळ बहुतेक वाटेतच होतो. तांबड्या पेशींच्या आत सीरमच्या शंभरपटीहून अधिक एलडीएच असतं. न वेगळं केलेलं रक्त एसटीतून धक्के खात आलं की पेशी फुटतात, सीरम लालसर होतं आणि एलडीएच खोटं वाढतं. भाजक फुगला की भागाकार घटतो आणि खरं एक्स्युडेट ट्रान्स्युडेट भासू लागतं. म्हणून रक्त अर्धा तास गोठू द्या, तालुक्यालाच सेंट्रिफ्यूज करा आणि वरचं सीरम तेवढं पाठवा. पाणीही फिरवून वरचा स्वच्छ भाग घ्या. एक्स्युडेटमध्ये कधीकधी जाळं धरतं, ते मशीनच्या सुईत अडकतं.

‘बर्फात ठेवलं की टिकतं’ ही समजूत एलडीएचला लागू नाही. त्याचे काही प्रकार थंडीतच निकामी होतात. त्याच दिवशी तपासणी होणार असेल तर नमुना सावलीत, साध्या तापमानाला ठेवा, आणि उन्हाळ्यात गाडीच्या काचेखाली तर मुळीच नको.

दोन्ही नमुने एकाच लॅबमध्ये, एकाच मशीनवर लावायचे. हा नियम सगळ्यात जास्त मोडतो, कारण रक्त गावातल्या लॅबला आणि पाणी शहरातल्या लॅबला देणं घरच्यांना सोयीचं वाटतं. पण एलडीएच मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत नॉर्मलची वरची मर्यादा साधारण २५० असते, तर उलट दिशेने चालणाऱ्या दुसऱ्या पद्धतीत ती ४५० च्या आसपास जाते. एकीचा आकडा दुसरीच्या आकड्याने भागला तर उत्तराला काही अर्थ उरत नाही. प्रोटीनही सीरमच्याच टेस्टवर लावा, लघवीच्या प्रोटीनच्या किटवर नव्हे.

हिशेब

पाण्याचं प्रोटीन भागिले सीरमचं प्रोटीन ०.५ पेक्षा जास्त आहे का? पाण्याचं एलडीएच भागिले सीरमचं एलडीएच ०.६ पेक्षा जास्त आहे का? पाण्याचं एलडीएच त्या लॅबच्या सीरमच्या वरच्या मर्यादेच्या दोन तृतीयांशाहून जास्त आहे का? तिन्हींपैकी एकाचं उत्तर जरी ‘हो’ आलं तरी एक्स्युडेट म्हणायचं. तिन्ही ‘नाही’ असतील तरच ट्रान्स्युडेट. तिसऱ्या प्रश्नातली मर्यादा पुस्तकातून न घेता रिपोर्टवर छापलेलीच घ्यायची.

एक उदाहरण

समजा, निपाणीकडचे ६२ वर्षांचे शेतकरी आहेत. पाय सुजलेले, झोपलं की दम लागतो, हृदयाची ताकद कमी. पाच दिवसांपासून लघवी होण्याची गोळी, म्हणजे फुरोसेमाइड, चालू आहे. उजव्या बाजूचं पाणी काढलं. सीरम प्रोटीन ७.२, पाण्याचं ३.९. सीरम एलडीएच २४०, पाण्याचं १५०. लॅबची वरची मर्यादा २५०.

३.९ भागिले ७.२ म्हणजे ०.५४, मर्यादेच्या जरा वर. १५० भागिले २४० म्हणजे ०.६२ च्या पुढे, तेही जरा वर. २५० चे दोन तृतीयांश साधारण १६७ आणि १५० त्याखाली. तीनांपैकी दोन ‘हो’, म्हणजे नियमाने एक्स्युडेट. आपल्याकडे एक्स्युडेट म्हटलं की पहिला विचार टीबीचा येतो, आणि इथेच थांबून पाहायला हवं.

हे निकष एक्स्युडेट सुटू नये अशा बेताने ठेवलेले आहेत. त्यामुळे ते सहसा सुटत नाही, पण साधारण चारातलं एक ट्रान्स्युडेट चुकून एक्स्युडेटमध्ये जातं. गोळीने लघवी वाढली की छातीतलं पाणीही ओसरतं, प्रोटीन आणि एलडीएच मात्र मागे राहतात. गुऱ्हाळात रस आटला की पाणी जातं आणि गोडी राहते, तसंच. आकडे फुगतात, आवरण मात्र धडच असतं.

अशा वेळी भागाकार सोडून वजाबाकी करायची. सीरम प्रोटीनमधून पाण्याचं प्रोटीन वजा करा: ७.२ उणे ३.९, म्हणजे ३.३. हा फरक डेसिलिटरला ३.१ ग्रॅमपेक्षा जास्त असला तर ट्रान्स्युडेटच मानतात. अल्ब्युमिनही लावलं असेल तर उत्तम. समजा सीरमचं ३.९ आणि पाण्याचं २.३ आलं. फरक १.६, आणि त्याची मर्यादा १.२. दोन्ही वजाबाक्या हृदयाकडेच बोट दाखवतात, तेव्हा या पाण्यावरून टीबीची औषधं सुरू करायला आधार नाही.

ही वजाबाकी सरसकट करू नका. भागाकार मर्यादेच्या जेमतेम वर असेल आणि रुग्णाकडे पाहून हृदयाचीच शंका असेल, तेव्हाच ती कामाची. ताप आहे, वजन घटलंय, पाण्याचं एलडीएच सीरमच्या दुप्पट आहे, अशा ठिकाणी वजाबाकीने एक्स्युडेटला निर्दोष ठरवू नये. पाणी रक्ताळलेलं असेल तर एलडीएच त्या रक्तामुळेही चढतं, तिथे प्रोटीनवर जास्त भरवसा ठेवा.

एक्स्युडेट ठरलं तरी आजाराचं नाव कळत नाही. त्यासाठी त्याच पाण्यावर पेशींची मोजणी, एडीए नावाचं एन्झाइम, साखर आणि कॅन्सरच्या पेशींची तपासणी लागते. एडीए ४० च्या वर आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी जास्त, तर टीबीची शंका बळावते.

लॅबला पाठवायच्या चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-वय लिहितो, तशीच आणखी एक ओळ लिहा: लघवीची गोळी चालू आहे का, आणि किती दिवसांपासून. रिपोर्ट वाचणाऱ्याला वजाबाकी करायची की नाही, हे त्या ओळीवरूनच कळतं.