‘सुमारे पाच वर्षे’ नको: जुन्या ऑफिसकडून व्हिसासाठी पत्र मागताना

मी दादरला एका स्ट्रक्चरल कन्सल्टंटच्या ऑफिसात अ‍ॅडमिन आणि एचआर दोन्ही बघते. आमच्याकडे काम करून परदेशी गेलेली मुलं अधूनमधून पत्र मागतात. अशाच एका मुलीचा मेलबर्नहून दोन ओळींचा मेल आला: ‘सर, व्हिसासाठी सपोर्ट लेटर हवं आहे. प्लीज लवकरात लवकर पाठवा.’ सरांना वाटलं, आपल्याला जामीन राहायला सांगतेय. मेल आठवडाभर पडून राहिला. शेवटी मीच जुन्या नमुन्यावरून पत्र तयार करून सही घेतली. त्यात लिहिलं, ‘2017 ते 2022, सुमारे पाच वर्षे, काम समाधानकारक.’

हे पत्र तिच्या काहीच उपयोगाचं नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्या पॉइंट्सवर मिळणाऱ्या स्किल्ड व्हिसात देशाबाहेरच्या नोकरीचे गुण टप्प्यांनी मिळतात. तीन वर्षं पूर्ण झाली की 5, पाच पूर्ण झाली की 10, आठ पूर्ण झाली की 15. ‘सुमारे पाच’ म्हणजे पाचाच्या आत की पुढे, हे पत्रावरून कळतच नव्हतं. आमच्या रजिस्टरप्रमाणे तिची नोकरी 3 जुलै 2017 ते 30 सप्टेंबर 2022, म्हणजे पाच वर्षं आणि जवळजवळ तीन महिने. पूर्ण 10 गुण तिच्या हक्काचे होते आणि मी लिहिलेल्या एका शब्दाने ते अडले असते. त्याचं मला फार वाईट वाटलं. मी तिला फोन केला आणि नवा मेल लिहायला सांगितलं. तिच्या परवानगीने तो इथे देते. शुद्धलेखन आणि दोन जागा मी सुधारल्या आहेत, बाकी शब्द तिचेच.

‘आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. मी ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड व्हिसासाठी अर्ज करत आहे. त्यासाठी मला आपल्या ऑफिसातील कामाचे अनुभवपत्र इंग्रजीत, लेटरहेडवर हवे आहे. यात कंपनीवर कोणतीही आर्थिक किंवा कायदेशीर हमी येत नाही. मी काय काम केले एवढेच सांगायचे आहे. मी 3 जुलै 2017 रोजी ज्युनिअर स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून रुजू झाले, 1 एप्रिल 2019 पासून सीनियर होते आणि 30 सप्टेंबर 2022 रोजी कामातून मुक्त झाले. नेमणूकपत्र, बढतीचे पत्र आणि रिलीव्हिंग लेटर सोबत जोडले आहे. दोन्ही पदांच्या तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि कामाचे स्वरूप पत्रात यावे ही विनंती. माझ्या कामाचे मुद्दे वेगळ्या पानावर दिले आहेत, आपण ते तपासून आपल्या शब्दांत लिहावेत. 20 तारखेपर्यंत मिळाले तर मला पुढचे कागद वेळेत भरता येतील. आपली विद्यार्थिनीच.’

मी सुधारलेली पहिली जागा म्हणजे ‘सपोर्ट लेटर’. त्याऐवजी ‘अनुभवपत्र’ केलं आणि हमीबद्दलचं वाक्य घातलं. ते वाचल्यावर सरांनी त्याच दिवशी होकार दिला. दुसरी जागा ‘लवकरात लवकर’, तिथे तारीख टाकली. कागद शोधायला, सरांची सही घ्यायला आम्हाला किमान आठवडा लागतो.

कामाचे मुद्दे मात्र तिने फार छान दिले होते. ‘स्ट्रक्चरल डिझाइन केले’ एवढ्यावर न थांबता तिने लिहिलं की मुलुंड-घाटकोपरच्या रिडेव्हलपमेंटच्या इमारतींची मॉडेल्स ईटॅब्समध्ये ती स्वतः करायची, भूकंपाचा भार आयएस 1893 प्रमाणे काढायची, स्लॅब भरण्याआधी साइटवर जाऊन सळया तपासायची. हे आमच्या फायलींशी जुळत होतं, म्हणून सरांना लिहायला अवघड गेलं नाही. काही मुलं त्या देशाच्या सरकारी व्यवसायांच्या यादीतलं कामाचं वर्णन जसंच्या तसं उतरवून पाठवतात. तपासणाऱ्याला ते चटकन ओळखू येतं आणि मग सगळ्या पत्रावरच शंका येते.

एक अडचण आम्हाला शेवटी दिसली. लॉकडाउनमध्ये, मे ते जुलै 2020, सगळ्यांना अर्धा पगार मिळाला होता. काम घरून पूर्णवेळ चालू होतं. पण तिच्या बँक स्टेटमेंटमध्ये आणि त्या वर्षीच्या फॉर्म 16 मध्ये रक्कम कमी दिसते, त्यामुळे ती अर्धवेळ होती असा समज होऊ शकला असता. आम्ही पत्रात वेगळं वाक्य घातलं की या तीन महिन्यांत पगार कपात होती, कामाचे तास तेच होते. तुमच्याही पगाराच्या नोंदीत असा खड्डा असेल तर पत्र मागतानाच सांगा, कारण ऑफिसच्या ते लक्षात असेलच असं नाही. पीएफ पासबुकही उघडून बघा. त्यातली तारीख नेमणूकपत्राशी जुळत नसेल तर आधी कारण विचारून घ्या.

सहीखाली सरांचं नाव, हुद्दा, ऑफिसचा लँडलाइन आणि कंपनीचा ईमेल दिला. खातरजमा करायला तिकडून फोन किंवा मेल येऊ शकतो, म्हणून रिसेप्शनच्या मुलीलाही मी तिचं नाव आणि तारखा लिहून दिल्या आहेत.