राईडचा वेग १५ की २०? मूव्हिंग टाइम आणि इलॅप्स्ड टाइम कसे वाचावेत

सायकलची राईड एकच, पण ॲपच्या एका स्क्रीनवर सरासरी वेग ताशी २० किलोमीटर आणि दुसरीकडे १५. असं दिसलं की पहिला संशय जीपीएसवर जातो. बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो. अंतर तेच असतं, फक्त त्याला वेगळ्या वेळेने भागलेलं असतं.

१. आधी दोन्ही वेळा शोधा

राईड उघडून तपशिलाच्या पानावर जा. इलॅप्स्ड टाइम म्हणजे स्टार्ट दाबल्यापासून शेवट करेपर्यंतचा सगळा वेळ, थांबे धरून. मूव्हिंग टाइम म्हणजे त्यातला चाकं फिरत होती तेवढाच वेळ. दोन्हींची वजाबाकी केली की थांबण्यात किती वेळ गेला ते कळतं. काही घड्याळांत टायमर टाइम ही तिसरी वेळही असते. तुम्ही हाताने पॉज केलं असेल, तर तेवढा वेळ तिच्यातून वजा झालेला असतो.

२. भागाकार स्वतः करून पाहा

समजा अंतर ३६ किलोमीटर, मूव्हिंग टाइम १ तास ४८ मिनिटं आणि इलॅप्स्ड टाइम २ तास २४ मिनिटं. म्हणजे ३६ मिनिटं थांब्यांत गेली.

भागण्याआधी मिनिटांचे तास करा. ४८ ला ६० ने भागलं की ०.८, म्हणून १ तास ४८ मिनिटं म्हणजे १.८ तास. कॅल्क्युलेटरवर थेट १.४८ टाकलं तर उत्तर २४ च्या वर जातं आणि आपण उगाच खूश होतो.

३६ ÷ १.८ = २०
३६ ÷ २.४ = १५

दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत. थांबलेल्या ३६ मिनिटांत अंतरात एका मीटरचीही भर पडली नाही, पण भाजक मात्र वाढत राहिला.

यातली एक गंमत सहसा लक्षात येत नाही: थांबा वेगवान स्वाराला जास्त महागात पडतो. हेच अंतर कुणी ताशी ३० ने कापलं, तर चालता वेळ १.२ तास. तीच ३६ मिनिटं, म्हणजे ०.६ तास, त्यात मिळवली की १.८ तास होतात आणि सरासरी २० वर येते. पहिल्याचा वेग पावपट घटला, दुसऱ्याचा एक तृतीयांश. त्यामुळे दोघांची तुलना करताना एकाची मूव्हिंग सरासरी आणि दुसऱ्याची इलॅप्स्ड सरासरी शेजारी ठेवली, तर निकाल हवा तसा फिरवता येतो.

३. मूव्हिंग सरासरीतही थांबे लपलेले असतात, ते ओळखा

मूव्हिंग टाइममधून फक्त उभं राहिल्याचा वेळ वजा होतो. ब्रेक लावत वेग कमी करणं आणि पुन्हा वेग पकडणं हे चालत्या वेळेतच मोजलं जातं. ताशी २५ वरून शून्यावर यायला ५ सेकंद आणि परत २५ गाठायला १५ सेकंद धरा. या २० सेकंदांत सरासरी वेग साधारण निम्माच राहतो, म्हणजे सुमारे १० सेकंदांचं नुकसान. असे २० सिग्नल लागले तर तीन मिनिटांहून जास्त वेळ गेला, आणि तो कोणत्याही स्क्रीनवर ‘थांबा’ म्हणून दिसत नाही. शहरातली राईड मोकळ्या रस्त्यापेक्षा हळू दिसते, याचं हे एक कारण.

४. आकडा पटत नसेल तर नकाशा मोठा करून बघा

थांबल्या जागी रेषेचा गुंता दिसला, तर जीपीएस तिथल्या तिथे भरकटलं आहे. ॲपला ती हालचाल वाटते, मग मूव्हिंग टाइम फुगतो आणि अंतरही थोडं वाढतं. उंच इमारतींजवळ असं जास्त होतं. याच्या उलट, अवघड चढावर सायकल ढकलत नेली तर वेग इतका कमी होतो की ऑटो पॉज तुम्हाला थांबलेलं समजू शकतं. मग घाम गाळलेली मिनिटं गायब होतात आणि सरासरी खोटी चांगली दिसते. चाकावर स्पीड सेन्सर असेल तर दोन्ही घोळ बरेच कमी होतात, कारण तो चाकाचे फेरे मोजतो.

५. कामानुसार आकडा निवडा

त्याच रस्त्यावर आपला दम वाढतोय का हे बघायला मूव्हिंग सरासरी बरी. शर्यतीत मात्र घड्याळ कुणासाठी थांबत नाही, तिथे इलॅप्स्डच. पोहोचण्याची वेळ सांगायचीही त्यावरूनच सांगा. ताशी २० धरून ६० किलोमीटरला ३ तास सांगितले आणि थांबे वरच्याच प्रमाणात झाले, तर प्रत्यक्षात ४ तास लागतील.