उतार कळला, वक्रता कळली, तरी ३४६ स्टेप्स का लागल्या?

एम.टेक.च्या दुसऱ्या सेमिस्टरला ग्रेडियंट डिसेंट विरुद्ध न्यूटन मेथड असा सेमिनार मी हौसेनं घेतला. हौस पंधरा दिवसांत फिटली. माझा कोड बरोबर होता, फॉर्म्युला बरोबर होता, तरी उत्तर गोगलगाईच्या चालीनं येत होतं आणि मी रोज रात्री नसलेला बग शोधत बसायचे. तुम्ही तिथं बसू नये म्हणून हे लिहितेय. ग्रेडियंट आणि हेशियन म्हणजे काय हे तुम्हाला माहीत आहे असं धरते.

फंक्शन अगदी साधं होतं:

f(x, y) = ½(100x² + y²)

x च्या दिशेला वक्रता १००, y च्या दिशेला १. म्हणजे वाटी नव्हे, लांबलचक अरुंद घळ. मिनिमम (0, 0) ला. सुरुवात मी (1, 100) पासून केली. तिथं ग्रेडियंट येतो (100, 100).

इथं जरा थांबा, कारण मी थांबले नव्हते. x ला फक्त १ सरकायचंय, y ला १००. ग्रेडियंट मात्र दोघांनाही सारखाच १०० सांगतोय. कारण ग्रेडियंट म्हणजे नुसतं अंतर नाही, अंतर गुणिले वक्रता. x जवळ आहे पण भिंत उभी. y लांब आहे पण उतार सौम्य. दोन्हींचा गुणाकार एकच.

लर्निंग रेट कायम ठेवला तर तो ०.०२ च्या खाली ठेवावाच लागतो, नाहीतर x भिंतींवर आपटत लांब फेकला जातो. ही मर्यादा सगळ्यात जास्त वक्रतेवरून ठरते, 2/100. त्या इवल्या पावलांनी y ला शंभर अंतर कापायचं. इथपर्यंत सगळ्यांना कळतं, मलाही कळलं होतं.

मग मला वाटलं, लर्निंग रेट कायम ठेवण्यातच चूक आहे. दर स्टेपला वक्रता वापरून अचूक लांबी काढू. क्वाड्रॅटिकवर ती अंदाजानं काढावी लागत नाही, सरळ मिळते:

```python
import numpy as np
H = np.array([[100., 0.], [0., 1.]])
w = np.array([1., 100.])
for k in range(346):
    g = H @ w
    a = (g @ g) / (g @ H @ g)
    w = w - a * g
```

`g @ H @ g` मध्ये हेशियन आहे, म्हणजे आपण सेकंड ऑर्डर माहिती वापरतोय, म्हणजे आता झटक्यात पोचणार. हाच माझा सापळा.

पहिल्या स्टेपला a येतो 20000/1010000, म्हणजे 2/101, साधारण ०.०१९८. नवा बिंदू (−0.98, 98.02). f ची किंमत ५०५० वरून ४८५२. त्या दिशेत याहून चांगलं पाऊल शक्यच नाही, आणि तरी फायदा चार टक्केसुद्धा नाही. पुढचा ग्रेडियंट (−98.02, 98.02), a पुन्हा 2/101. त्याच्या पुढे पुन्हा तेच. अंतर दरवेळी 99/101 पट होतं. हजारावा भाग व्हायला ३४६ स्टेप्स.

का? तुम्ही एका दिशेत पार तळापर्यंत गेलात, तर त्या तळावर त्या दिशेला उतार उरतच नाही. म्हणून नवा ग्रेडियंट आधीच्याला काटकोनातच येतो. दोनच चल असताना काटकोनातली दिशा एकच. त्यामुळे माझ्याकडे शेवटपर्यंत दोनच दिशा होत्या, आलटूनपालटून, आणि दोन्ही तिरक्या. घळीच्या लांबीकडे तोंड केलेली एकही नाही. लांबी कितीही अचूक काढा, तोंडच चुकीकडे असेल तर काय उपयोग? (1, 100) ही यासाठी सगळ्यात वाईट सुरुवात आहे हे मला नंतर कळलं, पण बाकीच्या बहुतेक सुरुवातींनाही हा वळवळाट थोड्याफार प्रमाणात चुकत नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. लागोपाठच्या दोन ग्रेडियंट्सचा डॉट प्रॉडक्ट छापा. शून्य येत असेल, एखाद्या चलाचं चिन्ह दरवेळी बदलत असेल आणि लॉग स्केलवर लॉस सरळ रेषेत उतरत असेल, तर बग शोधू नका. बग नाही.

न्यूटन इथं वेगळं काय करतो? तो `a` नावाच्या एका आकड्यात वक्रता कोंबत नाही. `np.linalg.solve(H, -g)` करतो, म्हणजे प्रत्येक दिशेचा ग्रेडियंट त्या त्या दिशेच्या वक्रतेनं भागतो. 100/100 = 1, 100/1 = 100. पाऊल (−1, −100). एका स्टेपमध्ये तळ. पाऊल किती लांब टाकायचं एवढंच नाही, कुठं टाकायचं हेही तो बदलतो. एवढं एक वाक्य मला कोणी पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर! मार्गदर्शकांकडे गेले की "डेरिव्हेशन नीट बघ" एवढंच मिळायचं. माझं मत विचाराल तर सर कितीही मोठे असोत, जे फळ्यावर दोन आकडे मांडून दाखवत नाहीत त्यांच्याकडे शंका घेऊन जाऊ नका, सीनियरकडे जा.

आणि तो "फक्त डायगोनल वापर, स्वस्तात काम होतं" वाला शॉर्टकट मला आवडत नाही. कधी चालतो, मान्य. पण हीच घळ ४५ अंशात फिरवा. हेशियन होतो [[50.5, 49.5], [49.5, 50.5]]. दोन्ही डायगोनल सारखे, म्हणून दोन्ही दिशांना 1/50.5 नं गुणाल. आणि 1/50.5 म्हणजेच 2/101. फिरून तोच ग्रेडियंट डिसेंट, तेच पाऊल, नाव तेवढं नवं.

न्यूटनवरही डोळे मिटून भरवसा नको. y² च्या आधी वजा घाला: ½(100x² − y²). त्याच (1, 100) वर f ची किंमत −4950. न्यूटन एका पावलात (0, 0) वर, किंमत 0. उतरायला निघालो आणि चढून बसलो! ग्रेडियंट तिथं शून्य, त्यामुळे कोड खुशाल "कन्व्हर्ज झालं" म्हणतो. ऋण वक्रतेनं भागलं की बाण उलटा फिरतो, बस. आधी `np.linalg.cholesky(H)` चालवून बघा. एरर आली तर कुठल्यातरी दिशेची वक्रता धन नाही, मग डायगोनलमध्ये काही मिळवा. इथं २ मिळवले तर y ची वक्रता −१ ची १ होते आणि बाण पुन्हा उताराकडे वळतो.

एवढं वाचून घाबरला असाल तर घाबरू नका, दोन चलांवर हे सगळं कागदावर अर्ध्या तासात करून बघता येतं. खरी अडचण चल वाढले की येते. एक लाख पॅरामीटर असले तर हेशियनमध्ये १,००० कोटी आकडे, प्रत्येकी आठ बाइट धरले तर ८० जीबी. नुसता ठेवायलाच. सोडवणं पुढची गोष्ट.

म्हणून सेमिनारच्या शेवटी मी कॉन्जुगेट ग्रेडियंट दाखवला, हेस्टेनिस आणि श्टीफेल यांचा, १९५२ चा. त्याला हेशियन साठवावा लागत नाही, चालण्याची दिशा p असेल तर फक्त `H @ p` हा गुणाकार पुरतो. पहिलं पाऊल माझ्या त्या कोडसारखंच, (−0.98, 98.02) वर. पण दुसऱ्या वेळी तो नव्या ग्रेडियंटच्या उलट दिशेत जुन्या दिशेचा ०.९६०८ पट भाग मिसळतो. दिशा होते (1.94, −194.1), आता तोंड थेट तळाकडे. पावलाची लांबी येते ०.५०५, आणि दुसऱ्याच स्टेपला (0, 0).