सकाळी उठताच मान धरलेली आणि डोकं ठणकतंय? उशीच्या या चुका टाळा

सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतंय म्हटलं की घरात लगेच निदान सुरू होतं, पित्त झालंय, जागरण झालं, चष्म्याचा नंबर वाढलाय, रात्री उपाशी झोपलीस ना मग दुखणारच. बरेचदा यातलं एखादं कारण खरंही असतं. पण एका प्रकारची डोकेदुखी अशी असते की झोपताना नसते आणि उठताना असते, मानेच्या मागे जिथं कवटी संपते तिथून सुरू होते, बहुतेक वेळा एकाच बाजूला, आणि तिथून कानामागून वर चढत कपाळावर नाहीतर डोळ्याच्या मागे येऊन बसते. मान वळवायला गेलं की एका बाजूला अडते. मग आंघोळ, डबे, धावपळ यात हालचाल झाली की दहा-अकरापर्यंत बरीचशी उतरते, आणि उतरली की आपण विसरतो. असं पॅटर्न असेल तर गोळी शोधण्याआधी उशीकडे बघा.

दुखणं मानेत आणि ठणका डोळ्यामागे, हे कसं काय? तर मानेच्या वरच्या तीन मणक्यांमधून येणाऱ्या नसा आणि चेहरा-कपाळ सांभाळणारी नस या दोघींचे सिग्नल मेंदूच्या तळाशी एकाच जागी पोचतात, त्यामुळे मेंदूची गल्लत होते आणि मानेची तक्रार कपाळाच्या नावावर लागते. डॉक्टर याला सर्व्हायकोजेनिक हेडेक म्हणतात. मात्र एक लक्षात ठेवा, मायग्रेनवाल्यांचीही मान दुखते, म्हणून नुसती मान दुखतेय एवढ्यावर 'मानेमुळेच डोकं दुखतंय' असं ठरवू नका. मान एका बाजूला वळवली, किंवा तशीच ठेवून बसलं की नेमकी तीच डोकेदुखी वाढते का, हे बघायचं. फिजिओ एक टेस्ट करतात, उताणं झोपवून हनुवटी छातीकडे पूर्ण वाकवतात आणि तशाच स्थितीत डोकं डावी-उजवीकडे वळवतात. साधारण ४० ते ४५ डिग्री वळायला पाहिजे, वरचे मणके आखडलेले असले की दुखऱ्या बाजूला ३० च्या आसपासच अडतं. ही टेस्ट घरी नवऱ्याकडून किंवा बायकोकडून करून घेऊ नका प्लीज.

चूक पहिली: उशी दुकानात हातानं दाबून घेणं

उशीची उंची म्हणजे शोकेसमध्ये दिसते ती नाही, डोकं ठेवल्यावर दबून जी उरते ती. फायबरची नवीन उशी फुगलेली असते, २० सेंटिमीटर वाटते, डोकं टेकलं की निम्म्यावर येते आणि सहा-आठ महिन्यांनी मध्यभागी खड्डाच पडतो. कापसाची उशी वेगळ्या कारणानं दगा देते, ती दबत दबत घट्ट होते, आत गोळे होतात आणि एका बाजूला उंच, एका बाजूला सपाट अशी ती कधी झाली ते कळत पण नाही. पिंजून पुन्हा भरून घेतली की अचानक उंच होते आणि मग दोन दिवस मान धरते, ते वेगळंच.

मग किती उंच पाहिजे? सगळ्यांना एक आकडा नाही, पण हिशोब सोपा आहे. उताणं झोपत असाल तर दबलेली उशी साधारण ७ ते १० सेंटिमीटर बहुतेकांना पुरते, चेहरा छताकडे सरळ राहिला पाहिजे, हनुवटी छातीत घुसायला नको आणि वर पण उचलली जायला नको. कुशीवर झोपत असाल तर मान आणि गादी यांच्यात खांद्याएवढी पोकळी राहते, ती भरायला जास्त उंची लागते, अंगकाठी आणि गादीप्रमाणे साधारण १० ते १४. म्हणूनच रुंद खांद्याच्या नवऱ्याची उशी बारीक चणीच्या बायकोला चालत नाही, आणि आपल्याकडे उश्या नेहमी जोडीनं, सेम टू सेम घेतल्या जातात.

चूक दुसरी: गादी बदलली, उशी तीच

ही चूक सगळ्यात जास्त लपून राहते, कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही की नवीन चांगल्या गादीमुळे काही बिघडेल. माझ्याकडे फिजिओथेरपीसाठी आलेल्या एका काकूंची गोष्ट सांगते, पन्नाशीच्या आतल्या, बँकेत नोकरी, वर्षानुवर्षं उजव्या कुशीवर झोपायची सवय. दिवाळीत कापसाची जुनी कडक गादी काढून मऊ जाड फोमची आणली, पाठीला खूप बरं वाटलं म्हणे, पण महिन्याभरात रोज सकाळी डोक्याच्या डाव्या बाजूला मागून डोळ्यापर्यंत ठणका. डोळे तपासून झाले, बीपी नॉर्मल, पित्ताच्या गोळ्या पण झाल्या.

आता हिशोब बघा. त्यांच्या मानेच्या बाजूपासून खांद्याच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण १५ सेंटिमीटर. कडक गादीत खांदा जेमतेम दोनेक सेंटिमीटर रुतायचा, म्हणजे भरायची पोकळी उरली १३, आणि त्यांची जुनी उशी दबून बरोबर १३ च्या आसपास. जमलेलं गणित. नवीन फोममध्ये खांदा पाचेक सेंटिमीटर आत जायला लागला, डोकं हलकं म्हणून ते फारसं रुतत नाही, मग पोकळी उरली १० आणि उशी अजून १३ चीच. म्हणजे रात्रभर डोकं तीन सेंटिमीटर वर उचललेलं, मान वरच्या म्हणजे डाव्या बाजूला वाकून तिकडचे वरचे सांधे दाबले जातायत. तीन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतं, पण सहा-सात तास मान तशी वाकलेली ठेवून जागेपणी कुणी बसणार नाही.

त्यांना नवीन उशी घ्यायला लावली नाही. घरातल्या दोन पातळ चादरींच्या घड्या एकावर एक ठेवून कुशीवर झोपवलं आणि मुलीला मोबाईलवर समोरून फोटो काढायला सांगितला. नाकाचा शेंडा, हनुवटी आणि गळ्याखालची खोबण हे तिन्ही एका रेषेत आले पाहिजेत आणि ती रेष गादीला समांतर पाहिजे, बास. एक घडी काढायची, एक घालायची, फोटो बघायचा, जिथं रेष सरळ आली तिथं डोक्याखाली दबलेल्या घडीची उंची पट्टीनं मोजायची. त्यांची आली दहाच्या किंचित वर. मग जुन्या उशीतला थोडा कापूस काढला आणि अभ्र्यात नॅपकिनची एक घडी खाली सरकवून बारीक फरक भरून काढला. पहिले दोन-तीन दिवस त्यांना 'डोकं खाली लोंबतंय' असं वाटत होतं, ते होतंच, सवय मोडायला वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रोजचं दुखणं आठवड्यातून एखाद्या वेळेवर आलं. पाळीच्या आधी मात्र डोकं दुखायचं ते दुखतच राहिलं, मळमळीसकट. ते त्यांचं जुनं मायग्रेन होतं, त्याचा उशीशी संबंध नव्हता आणि त्यासाठी त्यांना डॉक्टरकडेच पाठवलं.

चूक तिसरी: उशी बरोबर, झोपायची तऱ्हा चुकीची

उशी डोकं आणि मानेसाठी आहे, खांद्यासाठी नाही. बरेच जण खांद्यासकट उशीवर चढतात, मग खांदाही वर आणि डोकंही वर, पोकळी आहे तशीच. उशीची कड खांद्याला टेकेल एवढं खाली ओढा, मानेखाली रिकामी जागा राहू देऊ नका. दुसरं म्हणजे उशीखाली हात घालून झोपणं, हात म्हणजे फुकटचे पाच-सात सेंटिमीटर, आणि सकाळी मुंग्या येतात त्या बोनस. हात रिकामा वाटतो म्हणूनच तो तिकडे जातो, त्यामुळे कुशीवर झोपताना एक लोड किंवा जुनी उशी छातीशी कवटाळायला घेतली की हात आपोआप जागेवर राहतो.

आणि पालथं झोपणारे, तुमच्यासाठी परफेक्ट उशी नाहीच. पालथं झोपल्यावर श्वास घ्यायला डोकं एका बाजूला जवळपास पूर्ण वळवावंच लागतं, आणि मान वळते त्यातला जवळजवळ अर्धा भाग एकट्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या जोडीत होतो, म्हणजे जिथून ही डोकेदुखी निघते नेमकी तिथंच रात्रभर पीळ. एका रात्रीत सवय सुटत नाही, आणि पाठीला टेनिस बॉल बांधण्याचा जो सल्ला फिरतो तो उताणं झोपून घोरणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. पोटाच्या एका बाजूला लांबट लोड घेऊन अर्धवट कुशीवर, वरचा गुडघा लोडावर टाकून झोपून बघा, पोट दाबलं गेल्याचं ते सुख पण मिळतं आणि मान निम्मीच वळते. तोपर्यंत डोक्याखाली उशी जितकी पातळ तितकं बरं, नसली तरी चालेल.

मोबाईल बघायला दोन उश्या लावून, हनुवटी छातीला टेकवून रील्स बघता बघता तसंच झोपून जाणं, यावर काय बोलणार, दिवा बंद करायच्या आधी वरची उशी काढून जमिनीवर फेका.

चूक चौथी: सगळं एकदम बदलणं

मान दुखली की लोक ऑनलाइन महागडी सर्व्हायकल उशी मागवतात, त्याच आठवड्यात मानेचा पट्टा, युट्यूबवरचे व्यायाम, रोज रात्री एक पेनकिलर. मग फरक पडला तरी कशानं ते कळत नाही आणि नाही पडला तरी कळत नाही. लाटेच्या आकाराची उशी वाईट नसते, पण तिची मानेखालची बाजू तुमच्या मापापेक्षा उंच असेल तर ती साध्या उशीपेक्षा जास्त त्रास देते, आणि मऊ फोम थंडीत कडक होतो, म्हणजे महाबळेश्वरच्या हॉटेलात वेगळी आणि घरी वेगळी. एकावेळी फक्त उंची बदला, तीही एक-दोन सेंटिमीटरनं, आणि आठ-दहा दिवस तसंच ठेवा. कॅलेंडरवर सकाळी एक खूण करा, दुखलं की फुली, कुठल्या बाजूला ते अक्षर. रोजच्या गोळीचं तर स्वतःचंच वेगळं लफडं आहे, साध्या पेनकिलर महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं तीनेक महिने चाललं तर त्या गोळ्याच डोकेदुखी चालू ठेवतात, आणि अशी डोकेदुखी पण बरेचदा सकाळीच गाठते.

उशीच्या नादात हे सोडू नका

बरोबर उंचीवर तीन-चार आठवडे झाले आणि कॅलेंडरवर काहीच बदल नसेल तर कारण दुसरं आहे असं धरा. घरचे सांगतात की जोरात घोरता, मध्येच श्वास अडकतो, उठल्यावर तोंड कोरडं आणि दुपारी पेंग, डोकं दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं, तर झोपेत श्वास थांबण्याची म्हणजे स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी करून घ्या. उठल्यावर जबडा आणि कानशिलं दुखत असतील तर रात्री दात खाता का ते डेंटिस्टला दाखवा. हातात मुंग्या किंवा ताकद कमी, चालताना तोल जाणं, ताप, उलट्या, दिसण्यात फरक, खोकलं-वाकलं की डोकेदुखी वाढणं, पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच चालू झालेली डोकेदुखी, यापैकी काहीही असेल तर चादरींच्या घड्या मोजत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. आणि एकदम क्षणात आलेला, आयुष्यात कधी झाला नव्हता असा भयंकर ठणका असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.