टाईम डिफरन्सचं तोंडी गणित: या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल एक्स्पोर्टच्या ऑफिसात नवीन पोरगा आला की विचारतो, "न्यूयॉर्क किती मागं ओ?" आणि कोणीतरी "साडेदहा तास" सांगून मोकळं होतं. घोळ तिथंच सुरू होतो.

साडेदहा हा फक्त हिवाळ्याचा आकडा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिका घड्याळ एक तास पुढं करते, मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत फरक साडेनऊ. म्हणजे वर्षातले जवळपास आठ महिने साडेनऊ, आणि लोक पाठ करतात साडेदहा!

अक्कलकोट रोडच्या एका युनिटमध्ये हेच झालं. मार्चचा मधला आठवडा, बायरचा मेल, 9 AM EST. पोराने साडेदहा मिळवले, संध्याकाळी साडेसात काढले आणि निवांत बसला, बायर मात्र आपल्या साडेसहाला लाईनवर येऊन, वाट बघून निघून गेला, सॅम्पलचं अप्रूव्हल लटकलं ते वेगळंच. पोराचं म्हणणं, EST म्हणजे साडेदहाच की. कागदावर बरोबर आहे, EST म्हणजे न्यूयॉर्कची हिवाळ्यातली वेळ, पण अमेरिकेतली माणसं सवयीने बारा महिने EST लिहितात, उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ EDT वर, म्हणजे एक तास पुढच्या उन्हाळी वेळेवर असलं तरी. म्हणून मी ती अक्षरं धरतच नाही, शहर आणि तारीख बघतो, आणि उत्तरात दोन्ही वेळा लिहून टाकतो: 9 AM New York, 6:30 PM India. बायरची वेळ वेगळी असेल तर तो लगेच सांगतो.

गणित माझं असं: उन्हाळ्यात आपल्या वेळेतून दहा तास काढायचे आणि अर्धा तास परत द्यायचा. संध्याकाळचे सात, दहा काढले की सकाळचे नऊ, अर्धा परत दिला की साडेनऊ. हिवाळ्यात दहा काढून वर अजून अर्धा काढायचा, साडेआठ.

दुसरी चूक शॉर्टकटवाल्यांची. लंडन पाठ, आणि "न्यूयॉर्क लंडनच्या पाच तास मागं" एवढ्यावर सगळं. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच मागं, उन्हाळ्यात साडेचार, हे बरोबर, पण तिथलं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं. 2026 मध्ये अमेरिका 8 मार्चला, लंडन 29 मार्चला. मधले तीन आठवडे दोघांत चारच तास! ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून आठवडाभर पुन्हा तेच. मी दोन्ही शहरं थेट सोलापूरच्या वेळेवरनं मोजतो, एकावरनं दुसरं काढायची घाई ज्यांना असते तेच अडकतात.

दुबई दीड तास मागं, सिंगापूर अडीच तास पुढं, ही दोन्ही बदलत नाहीत, एकदाच पाठ करा.

तारीख मात्र तपासा. उन्हाळ्यात आपल्याकडं सोमवारी सकाळी साडेनऊ वाजेपर्यंत न्यूयॉर्कमध्ये रविवारच चालू असतो, तेव्हा सकाळी आठला फोन लावून "आज सोमवार आहे ना, डॉक्युमेंट पाठवा" म्हणू नका, तिकडं रविवारचे रात्रीचे साडेदहा झालेले असतात.