मानव विकास निर्देशांक की भौतिक जीवनमान गुणवत्ता निर्देशांक? आकडेमोडीतून कळणारा फरक

दोन्ही निर्देशांकांत तीनच घटक आहेत, म्हणून विद्यार्थी ते एकमेकांत मिसळतात. पाठांतरापेक्षा एकाच देशाचे आकडे दोन्हीकडे घालून पाहिले की फरक पक्का डोक्यात बसतो.

भौतिक जीवनमान गुणवत्ता निर्देशांक मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९७०च्या दशकात मांडला. त्यात अर्भक मृत्युदर, एक वर्ष वयाचे आयुर्मान आणि साक्षरता येते. उत्पन्न मुद्दामच घेतलेले नाही. मूळ मोजपट्टीत अर्भक मृत्युदर २२९ म्हणजे शून्य गुण आणि ७ म्हणजे १००. आयुर्मान ३८ म्हणजे शून्य आणि ७७ म्हणजे १००.

एक काल्पनिक देश घेऊ. अर्भक मृत्युदर ४०, एक वर्ष वयाचे आयुर्मान ७० आणि साक्षरता ८० टक्के. पहिला घटक (२२९ − ४०) ÷ २.२२ = ८५.१. दुसरा (७० − ३८) ÷ ०.३९ = ८२.१. तिसरा ८०. सरासरी ८२.४.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे जन्मावेळचे आयुर्मान घालणे. पहिल्या वर्षातले मृत्यू अर्भक मृत्युदरात आधीच आलेले असतात. जन्मावेळचा आकडा घेतला की तेच मृत्यू दोनदा मोजले जातात.

मानव विकास निर्देशांक १९९० पासून संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम प्रसिद्ध करतो. त्यात मात्र जन्मावेळचेच आयुर्मान लागते. आपल्या काल्पनिक देशात ते साधारण ६८.२ येईल, म्हणून (६८.२ − २०) ÷ ६५ = ०.७४. शिक्षणासाठी २०१० पासून साक्षरता नाही, तर शालेय वर्षे घेतात: प्रौढांची सरासरी वर्षे ६ (कमाल १५) आणि अपेक्षित वर्षे १२ (कमाल १८), दोन्हींची सरासरी ०.५३. दरडोई उत्पन्न ५,००० डॉलर (क्रयशक्तीनुसार) धरले, तर १०० ते ७५,००० या मर्यादांत लॉगॅरिदम घेऊन ०.५९. आता साधी सरासरी नको. तिघांचा गुणाकार करून घनमूळ काढायचे. उत्तर सुमारे ०.६२.

खरी गंमत पुढे आहे. बाकी काही न बदलता उत्पन्न दुप्पट केले, तर मानव विकास निर्देशांक जवळपास ०.६५ होतो आणि दुसरा ८२.४ वरच राहतो. उलट, उत्पन्न तेच ठेवून अर्भक मृत्युदर ४० वरून २० वर आणला, तर भौतिक जीवनमान निर्देशांक ८५.४ पर्यंत चढतो. मानव विकास निर्देशांकात मात्र जेमतेम ०.०१ ची वाढ दिसते, कारण तिथे अर्भक मृत्युदर स्वतंत्र घटकच नाही, तो आयुर्मानाच्या आडून येतो. बालआरोग्यातला बदल शोधायचा असेल, तर माझी पसंती म्हणूनच भौतिक जीवनमान निर्देशांकाला.

तरी ०.६२ ला १०० ने गुणून ६२ आणि ८२.४ यांची तुलना करू नका. मोजपट्ट्यांची टोकेच वेगळी आहेत. आणि दोन्हींत आजारपण व अपंगत्व कुठेच मोजलेले नाही.