सीआरएफ ठरवताना मी खडूकडे बघतो

नव्वद मिनिटांच्या लेक्चरांचा ढीग एव्ही-वन या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये बदलायला घेतला, तेव्हा पहिली चूक सवयीची झाली. सीआरएफ म्हणजे दर्जा ठरवणारा आकडा, लहान तेवढं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. एक्स-२६४ या जुन्या एन्कोडरमध्ये २३ वापरायची सवय होती, तोच इथेही टाकला. फाइल बरीच फुगली. दोन्हींची पट्टीच वेगळी आहे: तिकडे ती ५१ पर्यंत जाते, एसव्हीटी या एव्ही-वनच्या एन्कोडरमध्ये त्याच्याही पुढे, आणि एफएफएमपेगमध्ये आकडा दिलाच नाही तर एसव्हीटी ३५ धरतो. मग चिडून ५० केलं. सरांचा चेहरा ठीक दिसत होता, फळा मात्र पुसट झाला.

आता पूर्ण लेक्चरला हात लावण्याआधी एक मिनिटाचा तुकडा काढतो. तोही जिथे सर डस्टरने अर्धा फळा पुसून लगेच लिहायला लागतात, तिथला. खडूची धूळ, हलता हात आणि बारीक अक्षर, सगळं त्यात येतं.

```
ffmpeg -ss 00:40:00 -t 60 -i tas.mkv \
 -c:v libsvtav1 -preset 6 -crf 35 -g 300 \
 -pix_fmt yuv420p10le \
 -c:a libopus -b:a 48k -ac 1 namuna.mkv
```

आधी प्रीसेट, म्हणजे कामाचा वेग ठरवणारा आकडा, पक्का करा, मग सीआरएफ. प्रीसेट बदलला की त्याच सीआरएफला फाइलचा आकार आणि दर्जा दोन्ही हलतात, त्यामुळे उलट क्रमाने गेलात तर चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. प्रीसेटचा आकडा लहान तेवढं काम सावकाश. चालू असताना स्क्रीनवर `speed=` दिसतं, ते वाचा. ०.५ असेल तर नव्वद मिनिटांना तीन तास लागणार. माझ्या लॅपटॉपला ६ झेपतो. हौसेने २ लावून पाहिला होता, सकाळी उठलो तरी पहिलंच लेक्चर चालू होतं.

मग ३०, ३५, ४०, ४५ असे चार तुकडे करायचे आणि मूळ फाइलशेजारी त्याच क्षणाला थांबवून बघायचे. चेहरा बघू नका, तो फसवतो. एक्सच्या पायाशी लिहिलेला छोटा २ बघा. मला ४० पर्यंत तो वाचता आला. ४५ ला त्याचा ठिपका झाला. शिवाय नुकत्याच पुसलेल्या भागावर खडूचे फिकट ओरखडे उरतात, ते गुळगुळीत होऊन गेले की समजायचं, पुढचा बळी बारीक अक्षराचा. मी ३८ वर थांबलो. तुमचा कॅमेरा लांब असेल तर खाली यावं लागेल.

`-g 300` म्हणजे तीस फ्रेमच्या व्हिडिओत दर दहा सेकंदांनी कीफ्रेम, म्हणजे आधीच्या फ्रेमवर न विसंबणारं पूर्ण चित्र. हे अंतर फार वाढवलं तर फाइल थोडी घटते, पण "ते उदाहरण परत बघू" म्हणून मागे सरकवलं की प्लेअर अडखळतो. परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे तेच करतात.

आवाजाचा हिशेब बहुतेक जण विसरतात. नव्वद मिनिटांना १२८ केबीपीएस म्हणजे सुमारे ८६ एमबी, ४८ ला साधारण ३२. चित्र इतकं आटल्यावर हा फरक डोळ्यांत भरतो, आणि एका माणसाच्या बोलण्याला ओपस ४८ वर, मोनोत, पुरतो.

मूळ फाइली लगेच उडवू नका. जुन्या फोनमध्ये एव्ही-वनचं हार्डवेअर डिकोडिंग नसतं, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. वर्गातल्या सगळ्यात जुन्या फोनवर एक अख्खं लेक्चर चालवून बघा, आणि किती टक्के बॅटरी गेली तेही.